डिचोलीतल्या शिलाईच्या दुकानासाठी चॅनलचा ‘अबाउट’ लिहिताना

माझ्या मावशीचं डिचोलीच्या बाजारात शिलाईचं दुकान आहे. दोन मशिनं, एक इंटरलॉक, मदतीला एक मुलगी. तिचं यूट्यूब चॅनल मी सुरू केलं. ब्लाउजचं कटिंग, नऊवारी शिवण्याची पद्धत, फॉल-पिको असे छोटे व्हिडिओ टाकत गेले. बघणारे वाढले आणि फोनही यायला लागले. पण एक फोन नाशिकचा, एक लातूरचा. नाशिकच्या ताईंनी विचारलं, कुरिअरनं ब्लाउज शिवून पाठवाल का? मावशी फोन ठेवून मला म्हणाली, “अगो, अंगावर माप घेतल्याशिवाय मी कापडाला कात्री कशी लावू?”

त्याच सुमारास हळदीकुंकवाला साखळीची एक बाई भेटली. आमचे व्हिडिओ ती आवडीनं बघायची, पण दुकान पुण्याला असेल असं तिला वाटत होतं. साखळी आमच्या शेजारचं गाव! त्या रात्री मी चॅनलचा ‘अबाउट’ उघडून वाचला. मी लिहिलं होतं: ‘नमस्कार, आमच्या चॅनलवर तुमचं मनःपूर्वक स्वागत आहे. इथे तुम्हाला शिवणकामाची सगळी माहिती मिळेल.’ गावाचं नाव अगदी शेवटच्या ओळीत होतं.

चॅनलचं पान मोबाइलवर उघडलं की नावाखाली या मजकुराची सुरुवातच तेवढी दिसते. पुढचं वाचायला ‘more’वर बोट ठेवावं लागतं आणि बहुतेक जण ते ठेवत नाहीत. माझी ती सुरुवात स्वागतातच गेली होती. चॅनलसाठी ठिकाण निवडायची सोय आहे, पण तिथे फक्त देश निवडता येतो, गाव नाही. म्हणजे आपण डिचोलीचे हे यूट्यूबला आणि बघणाऱ्याला सांगायचं काम शब्दांनीच करावं लागतं, आणि तेही पहिल्या ओळीत. दुकानाचं नाव वर चॅनलच्या नावात असतंच, ते इथे पुन्हा लिहू नका. काय शिवतो आणि कुठे, एवढंच आधी येऊ द्या.

आता गोव्यातली खरी अडचण. आपण डिचोली म्हणतो, पण सरकारी इंग्रजी पाटीवर Bicholim असतं. साखळी म्हणजे Sanquelim, म्हापसा म्हणजे Mapusa, पेडणे म्हणजे Pernem. मराठीत विचार करणारी बाईसुद्धा मोबाइलवर बहुधा रोमन अक्षरांत शोधते. कुणी पाटीवरचं स्पेलिंग घालते, कुणी बोलण्यातलं नाव तसंच Dicholi म्हणून टाइप करते. नुसतं देवनागरीत ‘डिचोली’ लिहिलं तर यातल्या कितीतरी जणींपर्यंत आपण पोचत नाही. म्हणून पहिली ओळ मराठीत आणि लगेच खाली एक ओळ रोमन लिपीत, अशी मी मांडणी केली:

```
डिचोली, गोवा येथे ब्लाउज, नऊवारी, ड्रेस शिलाई आणि फॉल-पिको.
Ladies tailor in Bicholim / Dicholi, Goa.
```

गावांची नावं किती घालायची? सुरुवातीला मला मोह झाला. पणजी, मडगाव, वास्को, फोंडा सगळी घातली. मग काढून टाकली. गिऱ्हाईक खरोखर जिथून येतं तीच गावं ठेवायची. आमच्याकडे डिचोली, साखळी, मये, अस्नोडा. मडगावची बाई ब्लाउजच्या ट्रायलसाठी दोनदा डिचोलीला येणार नाही. शिवाय लोकांना ओढण्यासाठी संबंध नसलेले शब्द ओळीनं कोंबणं यूट्यूबच्या नियमांतही बसत नाही. प्रत्येक गावाचं नाव नुसत्या यादीत न टाकता एका सरळ वाक्यात आलं की वाचणारीलाही ते कामाचं वाटतं: ‘साखळी, मये आणि अस्नोड्याच्या गिऱ्हाइकांची मापं दुकानातच घेतो.’

एकूण मर्यादा 1000 अक्षरांची आहे. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजली जाते, म्हणून ‘डिचोली’ची सहा अक्षरं होतात. मराठी मजकूर वाटतो त्यापेक्षा लवकर भरतो.

मधल्या भागात काय लिहायचं याचं उत्तर मला मावशीला येणाऱ्या फोनमध्येच मिळालं. फोनवर लोक जे विचारतात तेच तिथे यायला हवं. अस्तराचं कापड तुम्ही देता का? ट्रायल असते का? दुपारी दुकान उघडं असतं का? हा शेवटचा प्रश्न तर इथे फारच महत्त्वाचा, कारण दुपारची झोप आपल्याकडे दुकानंही घेतात. आम्ही स्पष्ट लिहिलं: सकाळी 9:30 ते 1, दुपारी 4 ते 7:30, रविवारी बंद. पत्ता लिहिताना नुसता दुकान क्रमांक न देता डोळ्यांना दिसणारी खूण द्या. शिलाईचे दर मात्र तिथे घालू नका. ते बदलतात आणि जुना दर वाचून आलेली बाई उगाच नाराज होते.

संपर्कासाठी लिंकची वेगळी जागा आहे. पहिली लिंक चॅनलच्या पानावर थेट दिसते, बाकीच्या तिच्या मागे दडतात. म्हणून पहिली लिंक व्हॉट्सॲपची:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX
```

91 नंतर थेट दहा आकडे. अधिकचं चिन्ह नाही, दहा आकड्यांच्या आधी शून्य नाही, मध्ये जागा नाही. मी शून्य घातलं होतं आणि लिंक उघडतच नव्हती. तेव्हापासून दुसऱ्याच्या मोबाइलवरून दाबून बघितल्याशिवाय मी पुढे जात नाही. घरातून काम करणाऱ्या बायांनी स्वतःचा नंबर न देता दुकानासाठी वेगळं सिम घ्यावं, हे मी आग्रहानं सांगते. एकदा जाहीर केलेला नंबर परत झाकता येत नाही.

दुसरी लिंक गूगल मॅपवरच्या दुकानाच्या नोंदीची. ‘जवळचा टेलर’ असं शोधणाऱ्याला नकाशावर दुकान दिसतं ते त्या नोंदीमुळे. कितीही चांगला ‘अबाउट’ ते काम करत नाही. चॅनल बघून विश्वास बसलेल्या बाईला दारापर्यंत आणणं एवढंच त्याचं काम. दोन्हीकडे नाव, नंबर आणि वेळा तंतोतंत सारख्या ठेवा.

बदल करायचा तो यूट्यूब स्टुडिओमध्ये ‘Customization’मध्ये जाऊन. शब्द निवडताना तिथलंच ‘Analytics’ उघडून लोक काय शोधून व्हिडिओपर्यंत आले ते बघा. मी ‘महिलांचे वस्त्रशिवण’ असं लिहून बसले होते. लोक शोधत होते ‘blouse stitching’ आणि ‘नऊवारी शिलाई’. मी माझे शब्द खोडले.

उपयोग झाला की नाही हे बघणाऱ्यांच्या आकड्यावरून कळत नाही. मावशीला मी एकच सांगितलं: नवीन गिऱ्हाईक आलं की माप घेताना विचार, कुठून कळलं? यूट्यूबवरून असेल तर वहीत पानाच्या कोपऱ्यात ‘यू’ आणि गावाचं नाव लिही. पहिले काही आठवडे कोपरे कोरेच होते. मग एका पानावर, 36 छाती आणि 14 बाहीच्या वर, मावशीच्या अक्षरात दिसलं: ‘यू, साखळी’.

चवथीच्या आधी मजकुरात एक ओळ वाढवतो, ‘चवथीच्या शिलाईसाठी कापड पंधरा दिवस आधी आणा.’ चवथ झाली की त्याच आठवड्यात ती ओळ मी काढून टाकते.