दिवाणी दाव्यात समोरच्याचे कागद आणि लेखी उत्तरे कशी मिळवावीत

कैफियत, म्हणजे प्रतिवादीचे लेखी उत्तर, हातात पडली की बरेच पक्षकार थेट उलटतपासाची वाट पाहत बसतात. समोरच्याकडे कोणते कागद आहेत आणि त्याची बाजू नेमकी कशावर उभी आहे, हे त्याच्याकडून शपथेवर आधीच काढून घेता येते. त्यासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश 11 आहे, आणि खाली येणारे नियम त्यातलेच आहेत. खाली सांगितलेली पद्धत नेहमीच्या दिवाणी दाव्यांसाठी आहे. व्यापारी न्यायालयातल्या दाव्यांना आदेश 11 वेगळ्या स्वरूपात लागू होतो आणि तिथल्या मुदतीही वेगळ्या असतात.

एक उदाहरण घेऊ. बहिणीने भावाविरुद्ध वाटपाचा दावा लावला आहे. 2011 साली भावाच्या नावावर 9 लाख रुपयांना खरेदी झालेली जमीन एकत्र कुटुंबाच्या उत्पन्नातून घेतली, असे तिचे म्हणणे आहे. भाऊ कैफियतीच्या कलम 7 मध्ये म्हणतो की जमीन स्वकष्टार्जित आहे, आपल्या वाहतुकीच्या धंद्याच्या कमाईतून घेतली आहे आणि धंद्याचे हिशेब आपल्याकडे आहेत.

सुरुवात नोटिशीने करा. समोरच्याने वादपत्रात, कैफियतीत, प्रतिज्ञापत्रात किंवा सोबतच्या यादीत ज्या कागदाचा उल्लेख केला आहे, तो दाखवा अशी नोटीस नियम 15 खाली देता येते आणि त्यासाठी कोर्टाची परवानगी लागत नाही. मात्र ती कोर्टाने वादाचे मुद्दे काढण्याच्या वेळी किंवा त्याआधी द्यायची. नोटीस मिळाल्यापासून 10 दिवसांत त्याने उलट नोटीस देऊन, ती दिल्यापासून 3 दिवसांतली तपासणीची वेळ कळवायची असते. तपासणी त्याच्या वकिलाच्या कार्यालयात होते, पण हिशेबाच्या वह्या जिथे नेहमी ठेवल्या जातात तिथे जाऊन पाहाव्या लागतात. कागद दाखवला नाही, तर पुरेसे कारण कोर्टाला पटवून दिल्याशिवाय तो कागद त्याला स्वतःच्या बाजूने पुराव्यात आणता येत नाही. म्हणून नोटीस पोचल्याची पावती जपून ठेवा.

सातबारा, फेरफार, नोंदणीकृत खरेदीखत असले कागद समोरच्याकडे मागू नका. त्यांच्या नकला तुम्हालाच काढता येतात, आणि असा अर्ज पाहून कोर्टाचा तुमच्या बाकीच्या मागणीवरचाही विश्वास उडतो.

उल्लेख न केलेल्या कागदांसाठी नियम 12 खाली अर्ज करा. कोर्टाने मंजूर केल्यास समोरच्याला वादविषयाशी संबंधित जे कागद त्याच्या ताब्यात आहेत किंवा पूर्वी होते, त्यांची यादी शपथेवर द्यावी लागते. ‘पूर्वी होते’ हे शब्द अर्जात सोडू नका, नाहीतर ‘आज माझ्याकडे नाही’ एवढ्यावर तो सुटतो. कागद पुराव्यात ग्राह्य असलाच पाहिजे असे नाही. वादावर प्रकाश पडण्याची शक्यता असली तरी पुरते, असे सर्वोच्च न्यायालयाने 1972 मध्ये एम. एल. सेठी विरुद्ध आर. पी. कपूर या निकालात सांगितले आहे.

आता प्रश्नावली, म्हणजे समोरच्याने शपथेवर उत्तरे द्यायचे लेखी प्रश्न. बहुतेकांचे अर्ज इथेच फेटाळले जातात, आणि तो दोष कोर्टाचा नसतो.

कोर्टाच्या परवानगीने एका पक्षकाराला एकदाच प्रश्नावली देता येते, दुसऱ्यांदा द्यायची तर वेगळा आदेश लागतो. म्हणून ‘आधी प्रश्न टाकून ठेवा, कागद नंतर बघू’ हा सल्ला मुळीच ऐकू नका. कागद पाहिल्यावर प्रश्न नेमके होतात, आणि दुसरी संधी मिळेल याची खात्री नसते.

प्रश्नावली परवानगीच्या अर्जासोबतच द्यायची असते. अर्जावर 7 दिवसांत निर्णय व्हावा असे नियम 2 म्हणतो, पण तेवढ्यावर विसंबून पुढची तारीख आखू नका. दाव्याचा न्याय्य निकाल लागण्यासाठी किंवा खर्च वाचवण्यासाठी जेवढे प्रश्न आवश्यक, तेवढ्यांनाच परवानगी मिळते. उलटतपासात चालेल असा प्रत्येक प्रश्न इथे चालत नाही, हे नियम 1 मध्येच लिहिलेले आहे.

आपल्या उदाहरणात हमखास लिहिला जाणारा वाईट प्रश्न असा: ‘सदर जमीन एकत्र कुटुंबाच्या पैशातून घेतली हे खरे आहे काय?’ उत्तर येणार ‘खोटे आहे’, आणि तुम्ही होता तिथेच. ‘तुमचे साक्षीदार कोण?’ हाही वाया जातो, कारण समोरच्याची बाजू ज्या वस्तुस्थितीवर उभी आहे ती विचारता येते, ती तो कोणत्या पुराव्याने शाबीत करणार हे विचारता येत नाही. ‘वडिलांना शेवटच्या आजारात कोणी सांभाळले?’ हा प्रश्न रागातून येतो आणि बाकीच्या चांगल्या प्रश्नांनाही बुडवतो.

त्याऐवजी प्रश्न असे बांधा. कैफियत कलम 7 संदर्भात, 9 लाखांपैकी किती रक्कम रोख दिली आणि किती चेकने किंवा ड्राफ्टने? चेक कोणत्या बँकेतल्या, कोणाच्या खात्याचा होता? वाहतुकीच्या धंद्यातली पहिली गाडी कोणत्या वर्षी, कोणाच्या नावावर घेतली? 2008 ते 2011 या काळात वडिलोपार्जित जमिनीच्या उसाचे बिल कोणाच्या खात्यात जमा होत होते?

यांतल्या एकाही प्रश्नाला ‘खोटे आहे’ हे उत्तर चालत नाही. गाडी 2012 ची निघाली, तर 2011 च्या खरेदीला त्या धंद्याचा पैसा कसा आला, हे भावालाच सांगावे लागेल. उसाचे बिल त्याच्याच खात्यात येत होते असे निघाले, तर कुटुंबाचे उत्पन्न त्याच्या हाती होते हे त्याच्याच शपथेवर येते. एका प्रश्नात एकच गोष्ट विचारा, कैफियतीचे कलम लिहा आणि आठ-दहा प्रश्नांवर थांबा. चाळीस प्रश्नांची यादी म्हणजे ‘त्रास देण्यासाठी विचारले आहे’ ही हरकत तुम्हीच लिहून देणे. नमुना संहितेच्या परिशिष्ट ‘क’ मध्ये क्रमांक 2 ला आहे.

परवानगी मिळून प्रश्नावली बजावली की 10 दिवसांत, किंवा कोर्ट देईल त्या मुदतीत, प्रतिज्ञापत्रावर उत्तर यायला हवे. प्रश्न रद्द करून घ्यायचे तर समोरच्याने बजावणीपासून 7 दिवसांत अर्ज करायचा असतो. असंबद्धता किंवा वकील-अशील गोपनीयता अशा हरकती तो उत्तराच्या प्रतिज्ञापत्रातही घेऊ शकतो.

सर्वात जास्त येणारे उत्तर म्हणजे ‘आठवत नाही’. स्वतःच्या खात्याविषयीचा प्रश्न असेल तर पासबुक उघडून उत्तर देणे अपेक्षित आहे. अशा वेळी नियम 11 खाली अर्ज करा. त्यात कोणत्या प्रश्नाचे उत्तर अपुरे आहे आणि का, हे क्रमांकासह लिहा. ‘उत्तरे समाधानकारक नाहीत’ अशा मोघम वाक्यावर आदेश मिळत नाही. कोर्ट पुढचे उत्तर प्रतिज्ञापत्रावर किंवा तोंडी तपासणीतून घेऊ शकते.

आदेश मोडला तर नियम 21 खाली वादीचा दावा फेटाळता येतो किंवा प्रतिवादीचा बचाव काढून टाकता येतो. मात्र हे नुसती नोटीस मोडल्याने होत नाही. नोटिशीला दाद मिळाली नाही, तर आधी नियम 18 खाली तपासणीचा आदेश घ्यावा लागतो. पहिल्या चुकलेल्या तारखेलाच बचाव काढण्याचा अर्ज करणे वाया जाते. बब्बर सिव्हिंग मशीन कंपनीच्या 1978 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा उपाय शेवटचा मानला आहे आणि हेतुपुरस्सर हट्टाने आदेश मोडल्याचे दिसले पाहिजे असे म्हटले आहे. म्हणून रोजनाम्यात प्रत्येक चुकलेली तारीख नोंदवून घ्या.

मिळालेली उत्तरे आपोआप पुरावा होत नाहीत. नियम 22 प्रमाणे तुम्हाला हवी ती उत्तरे, किंवा एखाद्या उत्तराचा भागही, बाकीची न वापरता पुराव्यात आणता येतो. मात्र तो भाग दुसऱ्या उत्तराशी इतका जोडलेला असेल की एकाशिवाय दुसरे वाचता येणार नाही, तर कोर्ट तेही दाखल करायला लावू शकते. कोणती उत्तरे वापरायची याची निवड भावाचा उलटतपास सुरू होण्याआधीच करून ठेवा.