दातासाठी लवकर सुट्टी हवी असेल तर चिठ्ठीत काय काय लिहायचं

प्रति, विषय, नाव, इयत्ता, तुकडी, हजेरी क्रमांक हे सगळ्यांना येतं. मीही ते नीट लिहिलं होतं. तरी गेल्या खेपेला माझे दीर शाळेच्या फाटकाशी पाऊण तास उभे राहिले, कारण मुलीला न्यायला कोण येणार हे मी चिठ्ठीत लिहिलंच नव्हतं. मी कामावर, फोन बॅगेत. अपॉइंटमेंट गेली आणि पुढची आठ दिवसांनी मिळाली. तिच्या दुधाच्या दाढेचं रूट कॅनल अर्धवट होतं. वरचं तात्पुरतं सिमेंट निघालं, रात्री गाल धरून रडत बसली पोर. शाळेचं काही चुकलं नाही. ओळख पटल्याशिवाय मूल कुणाच्या हाती देऊच नये.

म्हणून आधी हे वाक्य लिहा, बाकीचं नंतर: "तिला न्यायला तिचे काका येतील. त्यांचं पूर्ण नाव आणि मोबाइल नंबर खाली दिला आहे, ओळखीसाठी ते आधार कार्ड आणतील." नुसतं "घरचे कुणीतरी येतील" लिहू नका. तुम्ही स्वतः जाणार असाल तरी लिहा, आणि ऐनवेळी माणूस बदलला तर आधी शाळेत फोन करा.

वार आणि तारीख दोन्ही हवं. "येत्या शुक्रवारी" म्हटलं की हा की पुढचा, असा घोळ होतो. वेळ मात्र अपॉइंटमेंटची नको, शाळेतून निघायची लिहा. आमची शाळा मंगळवार पेठेत, दवाखाना राजारामपुरीत, अपॉइंटमेंट चारची. शुक्रवारी अंबाबाईच्या दर्शनाची गर्दी असते, त्यामुळे मी सव्वातीन धरते. त्या सुमाराला जो तास संपतो त्याचं नाव घाला, म्हणजे बाईंना शिकवणं मध्येच थांबवावं लागत नाही.

कारण एका ओळीत पुरे: "दाढेच्या उपचाराची दुसरी बैठक आहे, पुढे ढकलता येत नाही." दवाखान्याच्या अपॉइंटमेंट कार्डाची झेरॉक्स जोडा. मुलगी त्या दिवशी परत शाळेत येणार नाही हेही लिहा. भूल दिल्यावर दोन-तीन तास ओठ बधिर राहतो, आणि मुलं तो कळत नकळत चावून सुजवून घेतात.

चिठ्ठी दोन दिवस आधी वर्गशिक्षिकांच्या हातात द्या, दप्तरात ठेवून विसंबू नका. सही शाळेत नोंद असलेल्या पालकाचीच. त्या दिवशी चाचणी आहे का बघा. रिक्षावाल्या काकांना सांगा, नाहीतर ते पाच वाजता तिची वाट बघत थांबतील.

पाकिटात घालण्याआधी एकदा वाचा. न्यायला कोण येणार ते नाव आहे? नंबर आहे? मग द्या.