मशीनचा क्यूटीसी बाजूला ठेवा, लांबलंय काय ते बघा

मेडिसिनच्या वॉर्डात नव्याने लागलेल्यांना वाढलेलं पोटॅशियम ईसीजीवर पटकन ओळखता येतं. उंच, टोकदार टी वेव्ह सगळ्यांनीच घोकलेली असते. कमी पोटॅशियम आणि कमी-जास्त कॅल्शियम यांचं तसं नाही. ‘क्यूटी लांब की आखूड’ एवढंच पाठ असतं आणि पेशंटच्या कॉटपाशी त्याचा फारसा उपयोग होत नाही.

मुंबईत जुलैमध्ये कॅज्युअल्टी जुलाबाच्या पेशंटनी भरलेली असते. अशाच एका पाळीत कुर्ल्याहून पन्नाशीच्या एक मावशी आल्या. दोन दिवस जुलाब, त्यात बीपीसाठी क्लोरथॅलिडोन चालू. मुलगा सांगत होता, “आईला उठताच येत नाही हो, पायात जोरच नाही.” सलाईन गेल्यावर पल्स ७५ वर आला. ईसीजीच्या कागदावर मशीनने छापलं होतं: क्यूटी ५००, क्यूटीसी ५५९. आमच्यातला एक इंटर्न म्हणाला, “सर, लांब क्यूटी. कॅल्शियम ग्लुकोनेट काढू का?”

इथे थांबायचं आणि क्यूटीचा नेमका कुठला भाग लांबलाय ते बघायचं. हृदयाच्या पेशीत विद्युतभार काही काळ सपाट पातळीवर टिकतो, तो काळ म्हणजे ईसीजीवरचा एसटी. तो किती टिकणार हे बऱ्याच अंशी कॅल्शियमवर ठरतं. त्यानंतर पोटॅशियम बाहेर पडून पेशी पूर्वस्थितीला येते, तो टी वेव्हचा भाग. म्हणून कॅल्शियम बिघडलं की एसटीची लांबी बदलते आणि पोटॅशियम कमी झालं की टी आणि त्यापुढचा भाग बदलतो.

मावशींच्या कागदावर एसटी लांब नव्हता, किंचित खाली सरकला होता. टी जवळजवळ चपटी होती आणि व्ही२, व्ही३ मध्ये तिच्यामागे एक बुटका, पसरट उंचवटा होता: यू वेव्ह. टी आणि यू एकमेकींत मिसळल्या होत्या, त्यामुळे मशीनने यू संपेपर्यंतचं अंतर क्यूटी म्हणून मोजलं. अशा वेळी एव्हीएलकडे वळा, तिथे यू सहसा फारशी दिसत नाही. तिथे मोजलेला क्यूटी ३८० मिलिसेकंद भरला. आरआर २० छोट्या चौकटींचा, म्हणजे ०.८ सेकंद. बॅझेटचं सूत्र असं:

QTc = QT / √RR

३८० भागिले ०.८९४, म्हणजे साधारण ४२५. क्यूटी नॉर्मलच. यू मात्र खरी, त्यामुळे रिदमची भीतीही खरी. मॉनिटर लावला. रिपोर्टात पोटॅशियम २.३ आलं.

लघवी होतेय याची खात्री करून पोटॅशियम क्लोराइड सुरू केलं. आपल्याकडच्या १० मिलीच्या १५ टक्के अँप्यूलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट असतं. एक अँप्यूल ५०० मिली नॉर्मल सलाईनमध्ये घालून, बाटली नीट हलवून, दोन तासांत द्यायची. म्हणजे तासाला १०. थेट शिरेत कधीही ढकलायचं नाही, हृदय बंद पडतं. डेक्स्ट्रोजमध्येही नको, कारण साखरेमुळे इन्सुलिन वाढतं आणि पोटॅशियम पेशीत शिरून रक्तातलं आणखी उतरतं. इतकं देऊनही आकडा हलत नसेल तर मॅग्नेशियम बघा. ते कमी असेल तर मूत्रपिंडातून पोटॅशियम वाहून जातच राहतं. मावशींचं मॅग्नेशियम कमीच निघालं, तेही भरल्यावर आकडा चढू लागला.

याउलट थायरॉइडचं ऑपरेशन झालेला पेशंट घ्या. ओठांभोवती मुंग्या येतायत, बीपीचा कफ फुगवून ठेवला की हाताची बोटं आखडतायत. त्याच्या ईसीजीत क्यूआरएसनंतर एसटी सरळ रेषेत लांबवर जातो आणि त्याच्या टोकाला नेहमीच्याच आकाराची टी उशिरा उभी राहते. यू वेव्हचा प्रश्न नाही, क्यूटी खरोखरच लांब. इथे तो इंटर्न बरोबर ठरला असता: १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट १० मिली, दहा मिनिटांत सावकाश, मॉनिटरवर नजर ठेवून. फक्त रिपोर्टातल्या कमी कॅल्शियमवरून निर्णय घेत असाल तर अल्ब्युमिन आधी बघा. अल्ब्युमिन ४ पेक्षा जितक्या ग्रॅमने खाली, त्या प्रत्येक ग्रॅममागे कॅल्शियममध्ये ०.८ मिळवायचे. यकृताच्या पेशंटमध्ये कमी दिसलेलं कॅल्शियम बऱ्याचदा तिथेच नॉर्मल होतं.

जास्त कॅल्शियममध्ये एसटी जवळपास नाहीसा होतो, टी थेट क्यूआरएसच्या पायथ्यापासून चढते आणि क्यूटी आखूड होतो. फार वाढलेलं असेल तर एसटी वर उचललेला दिसून हार्ट अटॅकचा भास होऊ शकतो. कॅन्सरचा पेशंट, गुंगी, बद्धकोष्ठता, भरमसाट लघवी, आणि छातीत दुखणं नाही, असं असेल तर ट्रोपोनिनसोबत कॅल्शियमही पाठवा.

हे सगळं कागदावर दिसेलच असं मात्र नाही. पोटॅशियम २.५ असतानाही ईसीजी साधा दिसू शकतो, म्हणून ईसीजी नॉर्मल आला तरी लॅबचा रिपोर्ट येईपर्यंत मॉनिटर काढू नका.