राइट्स इश्यू जाहीर झाला की काय करावे

शेअरवर नजर ठेवणाऱ्याने बोनसच्या घोषणेनंतर काही केले नाही तरी पैसे बुडत नाहीत. बायबॅकमध्ये भाग घेणेही ऐच्छिक असते. राइट्समध्ये कंपनी जुन्या भागधारकांना ठरलेल्या किमतीला नवे शेअर घेण्याचा हक्क देते, आणि तिथे मात्र तसे नाही. गप्प बसलात तर खरे नुकसान होते, म्हणून या घोषणेला वेगळी वागणूक द्या.

संचालक मंडळाने मंजुरी दिल्याच्या बातमीत बहुधा रेकॉर्ड डेट, म्हणजे हक्कासाठी ज्या दिवशी शेअर नावावर असावा लागतो ती तारीख, नसते. तेव्हा कंपनीचे नाव यादीत टाका आणि एक्स्चेंजवरच्या घोषणा दर आठवड्याला पाहा. तपशील आला की प्रमाण, इश्यूची किंमत, रेकॉर्ड डेट, हक्क विकण्याचा शेवटचा दिवस आणि अर्जाचा शेवटचा दिवस टिपून घ्या. आपल्याकडे सौदा लगेच पुढच्या कामकाजाच्या दिवशी पुरा होतो, त्यामुळे रेकॉर्ड डेटलाच शेअर घेतला तर हक्क मिळत नाही.

मग हिशेब करा. समजा तुमच्याकडे १०० शेअर आहेत, भाव २०० रुपये, आणि चारास एक राइट्स १२० रुपयांना आहे. चार शेअरचे ८०० आणि नव्याचे १२० मिळून ९२० होतात. पाचने भागले की नवा भाव १८४. म्हणजे एका हक्काची किंमत साधारण ६४ रुपये, आणि तुमच्या २५ हक्कांची १,६००.

अर्ज केलात तर ३,००० रुपये भरून १२५ शेअर होतात, त्यांची किंमत २३,०००. हक्क विकलेत तर १८,४०० चे शेअर आणि १,६०० रोख. काहीच केले नाही तर फक्त १८,४०० उरतात.

हे हक्क डिमॅट खात्यात नावापुढे `-RE` लागून दिसतात. अनेकांना ते नवे शेअरच वाटतात आणि फसगत इथेच होते. मुदतीत अर्ज केला नाही तर हक्क रद्द होतात, बाजारातून विकत घेतलेलेसुद्धा. विक्री अर्जाची मुदत संपण्याच्या काही दिवस आधीच बंद होते, म्हणून निर्णयाची खरी तारीख तीच धरा. बँकेच्या अस्बा सुविधेतून अर्ज केल्यास वाटप होईपर्यंत रक्कम खात्यातच अडकून राहते, तेवढी शिल्लक आधी ठेवा. बाजारभावच १२० च्या खाली गेला असेल तर अर्ज करू नका. तोच शेअर बाजारात स्वस्त मिळतो.

रक्कम हप्त्यांनी भरायची असेल तर त्या तारखाही नोंदवा. रिलायन्सच्या २०२० च्या राइट्समध्ये १,२५७ रुपयांपैकी पाव रक्कमच अर्जासोबत घेतली होती, उरलेली २०२१ मध्ये दोनदा मागितली.

शेवटी अलर्ट बदला. वरच्या उदाहरणात १९० चा अलर्ट रेकॉर्ड डेटला विनाकारण वाजेल, कारण भाव २०० वरून १८४ कडे येणारच. जुन्या पातळीला १८४ भागिले २००, म्हणजे ०.९२ ने गुणा: नवी पातळी सुमारे १७५. एकास एक बोनसमध्ये हाच गुणक ०.५ असतो. बायबॅकमध्ये अशी आपोआप घट होत नाही, तिथे अलर्टला हात लावू नका.