जपानीतील पहिला स्वपरिचय : चौदा वाक्यांचा एक परिच्छेद

जपानी शिकू लागल्यावर तिसऱ्या महिन्यात आमच्या वर्गात प्रत्येकाला उभे राहून आपला परिचय करून द्यायचा होता. त्याला जपानीत ‘जिकोशोऽकाइ’ म्हणतात. मी पुण्यात संध्याकाळच्या वर्गाला जात असे आणि नोकरीमुळे अभ्यासाला रात्रीचा तासभरच मिळे. तरीही हा परिच्छेद मी पंधरा दिवस घोटला होता. तो पाठ झाला, पण त्यात ज्या चुका होत्या त्या पाठांतराच्या नव्हत्या, मराठी मनाच्या होत्या. म्हणूनच तो परिच्छेद दुरुस्त रूपात येथे देते आणि चुकांची कारणे सांगते. देवनागरीत लिहिताना जेथे स्वर लांबवायचा आहे तेथे अवग्रह (ऽ) घातला आहे. ‘देस’ आणि ‘मास’ यांच्या शेवटी लिपीत ‘सु’ असते, पण त्यातला उकार बोलताना जवळजवळ गळतो.

हाजिमेमाश्ते. सायारि देस. सातारा शुश्शिन देस. इमा, पुने नि सुन्दे इमास. काझोकु वा योनिन देस. चिचि तो हाहा तो ओतोऽतो तो वाताशि देस. चिचि वा क्योऽशि देस. शुमि वा दोकुशो देस. रेकिशि नो होन गा सुकि देस. माइआसा रोकुजि हान नि ओकिमास. कुजि कारा रोकुजि मादे हाताराकिमास. योरु, उचि दे निहोन्गो ओ बेन्क्योऽ शिमास. जूऽइचिजि नि नेमास. दोऽझो योरोशिकु ओनेगाइ शिमास.

अर्थ असा : आपली ही पहिलीच भेट. मी सायली. मूळची साताऱ्याची. सध्या पुण्यात राहते. आमच्या घरात चौघे आहेत : वडील, आई, धाकटा भाऊ आणि मी. वडील शिक्षक आहेत. वाचन हा माझा छंद आहे. इतिहासाची पुस्तके आवडतात. रोज सकाळी साडेसहाला उठते. नऊपासून सहापर्यंत काम करते. रात्री घरी जपानीचा अभ्यास करते. अकराला झोपते. शेवटचे वाक्य ‘आपला लोभ असू द्यावा’ या भावाचे असून ते म्हणताना मान व कंबर किंचित लववायची असते. नावातला ‘ल’ जपानीत नाही, म्हणून सायलीची ‘सायारि’ होते. आणि स्वतःच्या नावानंतर ‘सान’ हा आदरार्थी प्रत्यय कधीही लावायचा नाही.

सर्वांत मोठी अडचण कुटुंबाच्या वाक्यात आहे. मराठीत वडिलांविषयी कोणासमोरही बोलताना आपण ‘वडील शिक्षक आहेत’ असे आदरार्थी अनेकवचन वापरतो, आणि ते न वापरणे उद्धटपणाचे वाटते. जपानीत याच्या नेमके उलटे आहे. बाहेरच्या माणसाशी बोलताना आपली माणसे आपल्याच बाजूची धरली जातात आणि त्यांचा उल्लेख साध्या शब्दांनी होतो : वडील ‘चिचि’, आई ‘हाहा’, आजी ‘सोबो’. ‘ओतोऽसान’, ‘ओकाऽसान’ आणि ‘ओबाऽसान’ हे शब्द समोरच्याच्या वडिलांसाठी, आईसाठी व आजीसाठी वापरायचे, किंवा घरात आपल्या माणसांना हाक मारताना. मी वर्गात ‘वाताशि नो ओतोऽसान वा सेन्सेइ देस’ असे म्हटले, तेव्हा एका वाक्यात दोन चुका झाल्या, कारण ‘सेन्सेइ’ हाही आदराचा शब्द आहे. आपल्या घरच्या शिक्षकाला ‘क्योऽशि’ म्हणायचे. पहिले काही दिवस वडिलांना नुसते ‘चिचि’ म्हणताना मला मनापासून संकोच वाटत होता. त्यात अनादर नाही, उलट समोरच्या माणसाचा मान राखला जातो, हे पटल्यावरच तो शब्द सहज तोंडी आला.

भाऊ-बहिणींच्या बाबतीत जपानी आपल्याहून काटेकोर आहे. नुसत्या ‘भाऊ’ या अर्थी एका भावाला लावता येईल असा रोजचा शब्द तेथे नाही. थोरला ‘आनि’, धाकटा ‘ओतोऽतो’, थोरली बहीण ‘आने’, धाकटी ‘इमोऽतो’. त्याउलट काका आणि मामा या दोघांनाही ‘ओजि’, तर आत्या आणि मावशी या दोघींनाही ‘ओबा’. येथे स्वराची लांबी फार सांभाळावी लागते. ‘ओबासान’ म्हणजे मावशी किंवा आत्या, आणि ‘ओबाऽसान’ म्हणजे आजी. मराठी बोलताना आपण ऱ्हस्व-दीर्घाकडे फारसे लक्ष देत नाही, त्यामुळे ही चूक आपल्या कानाला जाणवतही नाही. मी आपले बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ऐकले, तेव्हाच ती सापडली. मोजणीत ‘काझोकु वा योनिन’ म्हणताना स्वतःला धरायचे, पण ‘क्योऽदाइ गा हितोरि इमास’, म्हणजे ‘मला एक भावंड आहे’, असे म्हणताना स्वतःला वगळायचे. चार माणसांना ‘योनिन’ म्हणतात, ‘योन्निन’ नव्हे.

छंदाच्या वाक्यात नवशिका ‘शुमि वा होन ओ योमिमास देस’ असे बोलतो. ते चूक आहे, कारण या वाक्यात ‘देस’च्या आधी नाम हवे, क्रियापदाचे ‘मास’ रूप तेथे बसत नाही. सुरुवातीला ‘दोकुशो’ म्हणजे वाचन, ‘र्योऽरि’ म्हणजे स्वयंपाक अशी नामेच वापरावीत. पुढचे वाक्य मात्र मराठी माणसाला फुकट मिळालेले आहे. ‘मला पुस्तके आवडतात’ यात पुस्तके हे कर्म नसून कर्ता आहे, आणि जपानीतही ‘सुकि’च्या आधी कर्माचा ‘ओ’ न येता ‘गा’ येतो. इंग्रजीतून विचार करणारे सहाध्यायी येथे अडखळत होते.

दिनक्रमातही मराठीची अशीच साथ मिळते. ‘साडेसहाला’ मधला ‘ला’ म्हणजे ‘नि’, ‘पासून’ म्हणजे ‘कारा’ आणि ‘पर्यंत’ म्हणजे ‘मादे’. ‘रोज सकाळी’ला आपण ‘ला’ लावत नाही, तसेच ‘माइआसा’ला ‘नि’ लागत नाही. फरक एवढाच की आपला ‘साडे’ आकड्याच्या आधी येतो आणि त्यांचा ‘हान’ नंतर. दीड आणि अडीच यांनाही वेगळे शब्द नाहीत, ‘इचिजि हान’ आणि ‘निजि हान’ असेच म्हणतात. चार वाजता ‘योजि’, सात वाजता ‘शिचिजि’ आणि नऊ वाजता ‘कुजि’ ही रूपे वेगळी लक्षात ठेवावी लागतात.

मराठी जेथे फसवते ते ठिकाण ‘त’ या प्रत्ययाचे. ‘पुण्यात राहते’ आणि ‘घरात अभ्यास करते’ या दोन्हींत आपला ‘त’ एकच आहे, पण जपानी त्यांना वेगळे मानते. जेथे असणे किंवा राहणे आहे तेथे ‘नि’, आणि जेथे काही क्रिया घडते तेथे ‘दे’. म्हणून ‘पुने नि सुन्दे इमास’, परंतु ‘उचि दे बेन्क्योऽ शिमास’. मी प्रत्येक नवीन वाक्यात क्रियापद आधी ठरवू लागले आणि मग प्रत्यय निवडू लागले, तेव्हा ही चूक कमी झाली. परिच्छेदात ‘वाताशि’ फक्त एकदा आला आहे, तोही घरच्यांच्या यादीत. प्रत्येक वाक्य ‘वाताशि वा’ने सुरू केले तर ते ‘मी, मी’ असे ऐकू येते.

परिच्छेद संपताच कोणीतरी प्रश्न विचारतोच, आणि त्याची तयारी पाठांतरात नसते. मला विचारले गेले, ‘ओतोऽतोसान वा नान्साइ देस का?’, म्हणजे ‘तुमचा धाकटा भाऊ किती वर्षांचा आहे?’ समोरच्याने माझ्या भावाला ‘सान’ लावले, म्हणून मीही उत्तरात ‘ओतोऽतोसान’ म्हणून बसले आणि वर त्याचे वय ‘निजूऽसाइ’ असे सांगितले. वीस वर्षांच्या वयासाठी जपानीत रोज वापरला जाणारा शब्द ‘हाताचि’ हा आहे. बरोबर उत्तर होते : ‘ओतोऽतो वा हाताचि देस.’