दोन पगार एका मापात आणताना

जळगाव एमआयडीसीत चटईचे दोन कारखाने एक झाले, की पहिल्या पगारालाच दोन्हीकडचे ऑपरेटर चहाच्या टपरीवर स्लिपा ताडून बघतात. एरंडोलकडचा एखादा विचारतो, “काम तेच से ना भो, मंग पगार येगळा काब्र?” त्याच्यासमोर बसण्याआधी काय हाताशी हवं, ते सांगतो.

आधी काम खरंच तेच आहे का, ते पाळीत उभं राहून बघा. हुद्द्याचं नाव सारखं असतं, पण एक जण एक लूम चालवतो आणि दुसरा दोन.

मग स्लिपा शेजारी ठेवा, आणि सगळी मेहनत इथे घाला. समजा, पहिल्या कारखान्यात एकूण पगार ₹22,100 आणि दुसऱ्यात ₹20,800. तफावत ₹1,300 ची दिसते. पण पहिल्याचा मूळ पगार महागाई भत्त्यासह ₹15,600, दुसऱ्याचा ₹10,400; बाकी सगळे भत्ते. खरी गोम तिथे आहे. दुसऱ्याला पहिल्याच्या साच्यात बसवलं, की 12 टक्क्यांनी त्याचा पीएफ ₹1,248 वरून ₹1,872 होतो. म्हणजे बाकीच्या कपाती तशाच राहिल्या, तर ₹1,300 वाढले तरी ₹624 जास्त कापले जाऊन हातात फक्त ₹676 वाढतात. हे आधी सांगितलं नाही, तर पगाराच्या दिवशी फसवल्याची ओरड होणार, आणि त्यात त्याची चूक नसेल. पीएफ पूर्ण मूळ पगारावर कापायचा की ₹15,000 च्या मर्यादेपर्यंत, हे म्हणूनच आधी ठरवा.

मालकासाठी वेगळा कागद करा. पगार आणि पीएफ मिळून त्याला दरमहा माणशी ₹1,924 जास्त लागतील, कारण पीएफचे ₹624 त्यालाही भरायचे आहेत. त्यात ग्रॅच्युइटी धरायला लोक विसरतात. ती शेवटच्या मूळ पगारावर, वर्षाला 15 दिवसांची, 26 ने भागून निघते: ₹6,000 ची ₹9,000 होते, आणि मागच्या सगळ्या वर्षांना लागू होते. अकरा वर्षं झालेल्या एका माणसामागे एका सहीने ₹33,000 चा बोजा वाढतो. हा आकडा ऐकून मालक “मग वरच्यांचा कमी करा” म्हणतोच.

त्याचं उत्तर तयार ठेवा. कामगाराच्या तोट्याचा बदल करायचा तर 21 दिवसांची नोटीस लागते, आणि मालकी बदलताना सेवाशर्ती खाली आणल्या तर नुकसानभरपाईचा दावा उभा राहू शकतो. वाढ दोन टप्प्यांत देणं त्यापेक्षा स्वस्त पडतं. तारखा मात्र युनियनशी झालेल्या करारात लिहूनच. नव्या साच्यात न बसणारा एखादा जुना भत्ता वरच्यांना मिळत असेल, तर तो ‘वैयक्तिक वेतन’ म्हणून वेगळ्या रकान्यात ठेवा. पुढच्या वाढीतून तो वळता होणार की नाही, तेही त्याच करारात.

दिवाळीचा बोनस आणि बसभाडं मोजायला एक संध्याकाळ पुरते.

शेवटी प्रत्येकाची नव्या पगाराची नमुना स्लिप आधीच छापून ठेवा. ती बैठकीत वाटू नका, एकेकाला बोलावून हातात द्या आणि ₹676 वर पेनाने खूण करा.