दोन स्नेहल, एक तक्ता आणि मयूरचा चुकलेला रिप्लाय

पुण्यात तीन वर्षं एक्स्पिरियन्सवाला जावा डेव्हलपर पोर्टलवर प्रोफाइल अपडेट करतो आणि त्या दिवसापासून त्याचा फोन वाजायचा थांबत नाही, हे तुम्हाला माहितीये, त्यामुळे त्यात वेळ घालवत नाही. बोलणं संपलं की प्रत्येक रिक्रूटर तोच तक्ता मेलवर मागतो. टोटल एक्स्पिरियन्स, रिलेव्हंट एक्स्पिरियन्स, करंट सीटीसी, एक्स्पेक्टेड सीटीसी, नोटिस पिरियड, लास्ट वर्किंग डे, हातात ऑफर आहे का, जॉब का बदलताय. रकाने तेच, क्रम पण तोच आणि सब्जेक्ट लाइन म्हणाल तर ‘जावा डेव्हलपर, पुणे, डिटेल्स हवेत’ याच्या आसपासच काहीतरी.

मयूर माझा कर्वेनगरचा रूममेट. त्याचं आणि माझं नोकरी शोधणं एकाच काळात चाललं होतं, फरक इतकाच की तो मगरपट्ट्यात कामाला जात होता आणि मला कंपनीने बेंचवरून घरी पाठवलेलं. ते दिवस आठवले की अजून पोटात गोळा येतो, कोणाचा अनोळखी नंबर दिसला की चहा गॅसवर सोडून धावायचो. सांगायचा मुद्दा, त्या अवस्थेत माणूस तक्ता भरताना फार विचार करत नाही.

मयूरच्या प्रोसेसमध्ये दोन स्नेहल होत्या. एक हिंजवडीतल्या कंपनीची स्वतःची एचआर, म्हणजे इनहाउस. दुसरी कन्सल्टन्सीची, तिचा क्लायंट खराडीला. इनहाउस आणि कन्सल्टन्सी यातला फरक नवीन लोक हलक्यात घेतात. इनहाउसवाली तुमचा तक्ता थेट स्वतःच्या मॅनेजर आणि फायनान्सकडे नेते. कन्सल्टन्सीवाली तोच तक्ता क्लायंटच्या पोर्टलवर स्वतःच्या नावाने चढवते, म्हणजे तुम्ही दिलेल्या आकड्यावर तिचीही पत लागलेली असते. तुमचा आकडा खोटा निघाला तर क्लायंट तुम्हाला नाही, तिला विचारतो.

मयूरचा खरा आकडा फिक्स्ड ५.८ लाख, वर व्हेरिएबल ०.६, म्हणजे सीटीसी ६.४. नोटिस ६० दिवस. हिंजवडीवालीला त्याने हेच दिलेलं. कन्सल्टन्सीवालीला मात्र करंट ७.५ आणि नोटिस ३० दिवस. का, तर त्याच्या ऑफिसमधल्या एका सिनियर दादाने ज्ञान दिलं होतं की कन्सल्टन्सीला नेहमी वाढवून सांगायचं, ते लोक कापूनच पुढे पाठवतात आणि नोटिसचं नंतर बघून घेता येतं. माझं या दादा लोकांबद्दल मत फार वाईट आहे. स्वतः सहा वर्षं एकाच खुर्चीवर बसून दुसऱ्याला स्विच कसा मारायचा ते शिकवतात. पैसे घेऊन मेंटॉरशिप देणारे तरी रेझ्युमेचा फॉरमॅट देतात, हे फुकटात गोत्यात आणतात.

तर झालं असं. मयूरचा मॅनेजर राउंड झाला आणि हिंजवडीच्या स्नेहलने मेल टाकला की ऑफर अप्रूव्हलला टाकायचीये, संध्याकाळपर्यंत फायनल डिटेल्स द्या. मयूर ऑफिसमधून निघून पीएमपीच्या बसमध्ये उभा, एक हात दांड्याला. तक्ता त्याने दुपारीच फोनच्या नोट्समध्ये लिहून ठेवलेला. तेवढ्यात दुसऱ्या स्नेहलचा मेल आला, शनिवारचा इंटरव्ह्यू स्लॉट कन्फर्म करा म्हणून. नोटिफिकेशनमध्ये दोन्ही एकाखाली एक, वर नाव स्नेहल, खाली स्नेहल. याने वरच्या नोटिफिकेशनवर रिप्लाय दाबला, नोट्समधलं पेस्ट केलं, सेंड.

इथे जरा थांबतो, कारण सगळा घोळ याच जागी आहे. लोकांना वाटतं रिप्लाय केला तर मेल चुकीच्या माणसाला जाईलच कसा, पत्ता तर आपोआप येतो. बरोबर आहे, पत्ता आपोआप येतो म्हणूनच आपण तो बघत नाही. नवीन मेल लिहिताना निदान ‘टू’ मध्ये काहीतरी टाइप करावं लागतं तेव्हा नजर जाते. नोटिफिकेशनवरून रिप्लाय केला की आधीचा मेल वाचायची वेळच येत नाही, आणि वर फक्त नाव दिसतं, पूर्ण आयडी बघायचा तर नावावर टॅप करावं लागतं. त्यात मजकूर दुसरीकडून कॉपी करून आणलेला, म्हणजे लिहिताना समोर कोण आहे हेही डोक्यात नसतं. मयूरने पत्ता चुकवला नव्हता. त्याने मजकूर चुकीच्या धाग्यात टाकला होता, आणि हे सेंड करताना कळतच नाही कारण स्क्रीनवर सगळं बरोबर दिसतं.

गेलेल्या मेलमध्ये तक्त्याच्या वर दोन ओळी होत्या. हाय स्नेहल, मॅनेजरसोबतचा राउंड छान झाला, तुमची कंपनीच माझी फर्स्ट प्रेफरन्स आहे. खाली करंट ६.४, एक्स्पेक्टेड ९, नोटिस ६० दिवस, हातात ऑफर नाही. म्हणजे कन्सल्टन्सीच्या बाईंना एका मेलमध्ये कळलं की हा दुसरीकडे फायनलला आहे, पगार ७.५ नाही आणि ३० दिवसांत येणार नाही.

त्याच्या लक्षात आलं तेव्हा बस स्वारगेटच्या पुढे आलेली. जीमेलचं Undo Send तोवर कधीच गेलेलं, ते मुळात पाच सेकंदांचं असतं. लॅपटॉपवर Settings, मग See all settings, मग General मध्ये ते ३० सेकंदांपर्यंत वाढवता येतं, आत्ताच करून टाका, पण ३० च्या पुढे नाही आणि एकदा मेल गेला की जीमेलमध्ये परत बोलवायची सोय नाही. आउटलुकचं रिकॉल असतं ना, असं मयूर विचारत होता. ते एकाच कंपनीच्या आत चालतं, बाहेरच्या माणसाला उलट ‘हा मेल परत घ्यायचाय’ असा अजून एक मेल जातो, म्हणजे वाचला नसेल तर आता नक्की वाचणार.

घरी येईपर्यंत त्याने ‘कृपया आधीचा मेल इग्नोर करा’ एवढंच टाइप करून ठेवलेलं. मी म्हटलं, अरे थांब, पाठवू नकोस. त्या एका ओळीने समोरच्याचा प्रश्न सुटत नाही. तिच्यासमोर आता दोन तक्ते आहेत आणि कुठला खरा ते तिला माहिती नाही. इग्नोर करा म्हटलं की ती धरून चालणार की नवीन आलेलाच खरा आहे आणि हा लपवतोय. वर तिच्याकडे शनिवारचा इंटरव्ह्यू लागलेला, त्यामुळे ती गप्प बसूच शकत नाही.

आधी फोन, मग मेल, हा क्रम त्याला मीच सांगितला. तिच्या सिग्नेचरमध्ये नंबर होता. मयूरने लावला, स्पीकरवर. मॅडम, आत्ता एक मेल आलाय तो दुसऱ्या कंपनीसाठी होता, पण त्यातले आकडे खरे आहेत, मी तुम्हाला आधी दिलेले चुकीचे होते. पलीकडे दोन सेकंद काहीच नाही. मग ती म्हणाली, ‘मयूर, सीटीसीचं मी बघते, ते पेस्लिपला कळणारच होतं, पण नोटिस तुम्ही मला आधी सांगायला पाहिजे होती ना, मी क्लायंटला ३० दिवस लिहून दिलंय.’ दुसऱ्या कंपनीचं नाव विचारलं, याने सांगितलं नाही, तिने ताणलंही नाही.

मला तेव्हा आश्चर्य वाटलेलं, पगार एवढा फुगवला त्याचं काही नाही आणि नोटिसवर चिडली. पण विचार केला तर बरोबर आहे. पगाराचा आकडा तीन महिन्यांच्या पेस्लिप आणि फॉर्म १६ मागितला की तपासला जातोच, त्यात फरक निघाला तर क्लायंट ऑफर कमी करतो किंवा काढून घेतो. नोटिसचं तसं नाही. तिथे क्लायंटने प्रोजेक्टची तारीख धरलेली असते आणि खरं कळतं ते राजीनामा दिल्यावर, म्हणजे सगळ्यांचेच दोन महिने गेल्यावर.

फोननंतर त्याच धाग्यात चार ओळींचा मेल. आत्ताच्या बोलण्याप्रमाणे बरोबर डिटेल्स खाली देतोय, आधीचे बाद समजा, नोटिस ६० दिवस आहे आणि बायआउटची सोय माझ्या कंपनीत आहे की नाही ते विचारून कळवतो, शनिवारचा स्लॉट यावर ठरवा. माफीचा एकच शब्द. त्याने आधी अर्धं पान माफी लिहिलेली, घरची परिस्थिती वगैरे, ती मी उडवली. रिक्रूटरला तो मेल कदाचित क्लायंटला फॉरवर्ड करायचा असतो, तुमच्या घरचं त्यात कशाला.

या गडबडीत हिंजवडीची स्नेहल राहूनच गेली होती. साडेसात वाजलेले. मयूरने घाईघाईत सेंट आयटममध्ये जाऊन तोच मेल फॉरवर्डला टाकला आणि मी अक्षरशः त्याच्या हातातून फोन घेतला. फॉरवर्ड केलं की खाली तीन टिंबांच्या आत मागचा सगळा ट्रेल जातो. त्या ट्रेलमध्ये कन्सल्टन्सीची जेडी, खराडीच्या क्लायंटचं नाव, शनिवारची वेळ, आणि सर्वात खाली मयूरचा जुना ७.५ वाला तक्ता. पहिली चूक निदान एका बाजूला होती, ही गेली असती तर दोन्ही बाजू गेल्या असत्या. फोनवर ती तीन टिंबं कोणी उघडून बघत नाही, पण समोरची लॅपटॉपवर बघते. तिच्या मूळ मेलवर जाऊन नव्याने रिप्लाय केला, उशिराबद्दल एक ओळ, बाकी तक्ता. तिला झालेलं काहीच सांगितलं नाही. तिला सांगण्यासारखं काही नव्हतंच, तिच्याकडे पहिल्यापासून खरा आकडा होता. या भानगडीत दादाच्या सल्ल्याने जे झाकलं ते फुटलं आणि जे सरळ लिहिलेलं ते जागेवर राहिलं, घाबरून दोन्हीकडे कबुलीजबाब देत सुटू नका.

शनिवारचा इंटरव्ह्यू रद्द झाला, क्लायंटला ६० दिवस चालत नव्हते. मयूर दोन दिवस जेवला नाही नीट, मला वाटलं हा आता आकडा फुगवणं सोडेल, तर पुढच्या रिक्रूटरला ६.४ चे ६.८ सांगून मोकळा. हिंजवडीची ऑफर ८.२ ला आली, ९ मागितलेले. ती त्याने घेतली.

कन्सल्टन्सीच्या स्नेहलचा तो नोटिसवर असतानाच परत मेल आला, दुसऱ्या क्लायंटची जेडी, खाली तोच तक्ता भरून द्या म्हणून. यावेळी एक्सेलमध्ये होता आणि लास्ट वर्किंग डेच्या रकान्यासमोर तिने स्वतःहून लिहिलेलं, राजीनामा मंजुरीचा मेल जोडा.